वडिलांचे तीन लाख, मावसभावाचे दीड लाख

कर्जतला किंवा खोपोलीला घर बघायला येणाऱ्या कुटुंबाचा हिशेब बहुतेक एकाच जागी अडतो. फ्लॅट पसंत पडतो, हप्ता झेपतो, पण सुरुवातीचा हिस्सा कुठून आणायचा? बँक पूर्ण किमतीचे कर्ज देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम मिळू शकते. त्यावर, ७५ लाखांपर्यंत, ही मर्यादा ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के आहे. पगार कमी असेल तर बँक या मर्यादेच्याही खूप आत थांबते. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सहसा या किमतीत धरली जात नाही, ती वेगळी उभी करावी लागते. मग कोणी वडिलांकडे बघतो, कोणी मामाकडे, कोणी मावसभावाकडे. पैसे मिळतातही. खरा पेच त्यानंतर सुरू होतो, कारण बँकेला ते पैसे कोणाचे आणि कुठून आले हे कागदावर बघायचे असते.

हा हिस्सा भरल्याच्या पुराव्याला बँकेत ‘ओसीआर’ म्हणतात. बिल्डरची पावती आणि ती रक्कम कर्जदाराच्या खात्यातून गेल्याची नोंद, या दोन गोष्टी जुळल्याशिवाय कर्जाचा चेक निघत नाही. बँक अर्जासोबत साधारण सहा महिन्यांचे खातेउतारे मागते. महिना पन्नास हजार पगार येणाऱ्या खात्यात एके दिवशी तीन लाख जमा दिसले, की तपासणारा अधिकारी त्या ओळीवर बोट ठेवतो. त्याच्या मनात दोन शंका असतात. पैसा काळा तर नाही ही पहिली, आणि ती सगळ्यांच्या लक्षात येते. दुसरी शंका आहे, हे पैसे उसने तर नाहीत? उसने असतील तर ते फेडायचे आहेत, म्हणजे बँकेच्या हप्त्याशेजारी आणखी एक हप्ता उभा आहे आणि तो अर्जात लिहिलेला नाही.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत गेल्या काही वर्षांत एका विशिष्ट प्रकारचा पैसा घराघरांत आला आहे, तो म्हणजे भूसंपादनाची भरपाई. पनवेल-कर्जत लोकल मार्ग चिखले, मोहोपे, चौक करत कर्जतला येतो, आणि त्यासाठी खासगी जमिनी घ्याव्या लागल्या. ज्या बापाने आयुष्यभर भात लावला, त्याच्या खात्यात एकदम मोठी रक्कम आली आणि मुलगा रोज लोकलने मुंबईला नोकरीला जातो, असे घर इथे सहज सापडेल. तेच घर उदाहरणाला घेऊ. आकडे मी मांडलेले आहेत, पण रीत खरी आहे.

वडील खालापूर तालुक्यातले, मुलगा नोकरदार, पगार हातात ५० हजार. कर्जतजवळच्या ग्रामपंचायत हद्दीत ३० लाखांचा फ्लॅट ठरला. बँकेने २४ लाख मंजूर केले. उरले सहा लाख. मुलाची स्वतःची बचत दीड लाख, वडील तीन लाख द्यायला तयार, आणि चौकात दुकान असलेला मावसभाऊ दीड लाख ‘दे सवडीने’ म्हणून देतो आहे.

आधी वडिलांचे तीन लाख. कायद्याच्या दृष्टीने हे सगळ्यात सोपे पैसे आहेत. आयकर कायद्यात नातेवाइकांची एक यादी आहे आणि त्यांच्याकडून मिळालेल्या बक्षिसावर, रक्कम कितीही असो, घेणाऱ्याला कर लागत नाही. नवरा-बायको, आपले आणि जोडीदाराचे भाऊ-बहीण, आईवडिलांचे भाऊ-बहीण, सरळ रेषेतले वरचे आणि खालचे पिढीवार नातेवाईक आणि या सगळ्यांचे जोडीदार त्यात येतात. वडील, आजोबा, मामा, मावशी, आत्या, काका, सासरे सगळे बसतात. ही यादी १९६१ च्या कायद्यात कलम ५६ मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच राहिले.

वडिलांनी हे पैसे कसे द्यायचे, यात मात्र लोक घसरतात. गावाकडची सवय अशी की बँकेतून रोकड काढायची, पिशवीतून मुलाच्या हातात द्यायची आणि मुलाने ती आपल्या खात्यात भरायची. बापलेकात कसला हिशेब, ही भावना मला समजते. पण दोन लाख किंवा त्याहून अधिक रोकड एका व्यक्तीकडून घ्यायला कायद्याने बंदी आहे. एका दिवसात, एकाच व्यवहारात किंवा एकाच प्रसंगासाठी, अशी तिन्ही मोजमापे त्यात आहेत, त्यामुळे दीड-दीड लाख दोन दिवसांत दिले तरी सुटका नाही. दंड घेणाऱ्याला होतो, आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. समजा रोकड दोन लाखांच्या आत आहे आणि कायद्यात बसते, तरी बँकेच्या कामाची नाही. मुलाच्या उताऱ्यावर नुसती ‘रोख जमा’ अशी ओळ दिसते आणि ती वडिलांच्या खात्यातल्या ‘रोख काढली’ या ओळीशी जोडायला काहीच पुरावा नसतो.

म्हणून पैसा खात्यातून खात्यात गेला पाहिजे. आपल्या उदाहरणात त्याची वाट अशी दिसायला हवी: भरपाईचा निवाडा, त्या निवाड्याची रक्कम वडिलांच्या खात्यात जमा, त्यातून केलेली मुदत ठेव, ठेव मोडल्याची नोंद, वडिलांच्या बचत खात्यातून मुलाच्या खात्यात आरटीजीएस आणि मुलाच्या खात्यातून बिल्डरच्या प्रकल्प खात्यात भरणा. यातली प्रत्येक पायरी एका कागदावर आहे आणि प्रत्येक कागदावरची तारीख व रक्कम पुढच्याशी जुळते. वडिलांनी थेट बिल्डरला भरले तर पावती मुलाच्या नावाने आणि पैसा तिसऱ्याच्या खात्यातून, असा पेच होतो. काही बँका खुलासापत्रावर ते मान्य करतात, पण मधल्या एका आरटीजीएसने वाचणारे हेलपाटे का ओढवून घ्यायचे?

निवाड्याच्या कागदाकडे नीट बघायला हवे. वडील आयकर विवरणपत्र भरत नाहीत, मग तीन लाख कुठून आले, हा प्रश्न याच कागदाने सुटतो. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके कर्जतच्या प्रांताधिकाऱ्यांकडे येतात, त्यामुळे निवाड्याची नक्कल काढायला कर्जतचे प्रांत कार्यालय ही पहिली जागा. निवाड्यासोबतच्या तक्त्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र, खातेदारांची नावे आणि प्रत्येकाची रक्कम असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालचा निवाडा असेल तर त्या कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे भरपाईवर आयकर नाही, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २५ ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रकात ते स्पष्ट केले आहे. निवाडा कोणत्या कायद्याखाली झाला हे त्याच्या पहिल्या पानावर लिहिलेले असते. ते वाचून घ्यावे, कारण सगळी संपादने एकाच कायद्याखाली होत नाहीत. भरपाईच्या ठेवीवर मिळालेले व्याज मात्र करपात्र उत्पन्न आहे.

याच तक्त्यात एक जुनी गोष्ट वर येते. सातबाऱ्यावर वडिलांबरोबर दोन आत्यांचीही नावे असतात आणि व्यवहारात सगळी रक्कम वडिलांच्या खात्यात आलेली असते. ‘बहिणींनी सोडले’ असे तोंडी सांगितले जाते. बँकेच्या दृष्टीने मग प्रश्न निघतो, वडील देत असलेले पैसे पूर्णपणे वडिलांचे आहेत का? आत्यांनी रीतसर हक्कसोड केली असेल तर तो दस्त जोडावा. नसेल केली, तर त्यांचा वाटा आधी त्यांच्या खात्यात द्यावा आणि उरलेल्यातून मुलाला द्यावे. माझ्या मते हे बँकेसाठी नसले तरी करावे, कारण हा हिशेब चुकला तर तो पुढे मुलाच्या घरावर येऊन बसतो.

आता बक्षिसाचे पत्र. पैशासारखी जंगम वस्तू ताब्यात दिली आणि घेणाऱ्याने ती स्वीकारली की बक्षीस कायद्याने पूर्ण होते. आरटीजीएस झाले तेव्हाच ते झाले. पत्र ही त्या झालेल्या गोष्टीची कबुली. म्हणून पत्रातले क्रियापद भूतकाळी असावे: ‘देत आहे’ नको, ‘दिले आहेत’ हवे. याला व्यवहारातले कारणही आहे. ज्या दस्ताने बक्षीस दिले जाते त्यावर महाराष्ट्रात मालमत्तेच्या मूल्याच्या प्रमाणात मुद्रांक शुल्क आहे. जवळच्या नात्यात २०० रुपयांत बक्षीसपत्र होते हे ऐकलेले असते, पण ती सवलत राहते घर आणि शेतजमिनीसाठी आहे, रोख रकमेसाठी नाही. झालेल्या व्यवहाराची घोषणा ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतात. ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांचा स्टॅम्प चालत नाही. मसुदा वकिलाकडून एकदा तपासून घ्यावा. साधारण असा:

‘मी खाली सही करणार, राहणार मु. पो. ……, ता. खालापूर, जि. रायगड, माझा मुलगा …… यास दि. …… रोजी माझ्या …… बँकेच्या …… शाखेतील खाते क्र. …… मधून आरटीजीएसने, यूटीआर क्र. ……, रुपये ३,००,००० (अक्षरी रुपये तीन लाख फक्त) बक्षीस म्हणून दिले आहेत. ही रक्कम मला निवाडा क्र. …… प्रमाणे मिळालेल्या भूसंपादन भरपाईतली, माझ्या स्वतःच्या हिश्श्याची आहे. ती मी स्वखुशीने दिली असून परत मागणार नाही, तिच्यावर व्याज नाही, आणि या रकमेतून माझा मुलगा जे घर घेईल त्यात मी मालकी हक्क सांगणार नाही. माझ्या मुलाने ही रक्कम स्वीकारली आहे.’

खाली दोघांच्या सह्या, दोघांचे पॅन, दोन साक्षीदार. यातले सर्वांत वजनदार शब्द शेवटून दुसऱ्या वाक्यात आहेत: परत मागणार नाही आणि घरात हक्क सांगणार नाही. वडिलांच्या मनात घरात आपलेही नाव असावे असे असेल, तर ही सही करू नये. तसे सरळ सांगून करारनाम्यातच सहखरेदीदार म्हणून नाव घालावे. आणि पैसे म्हातारपणी परत लागणार असतील तर ते बक्षीस नव्हेच, ते कर्ज आहे. बँकेत बक्षीस दाखवू, घरात उसने धरू, असा सल्ला देणारे एजंट पुष्कळ भेटतात. तो ऐकू नये. बँकेला दिलेले ते खोटे निवेदन ठरते. आणि उद्या मुलगा फिरला, किंवा मुलाचे काही बरेवाईट झाले आणि सून-नातवंडांचा प्रश्न आला, तर वडिलांच्या सहीचा कागद वडिलांविरुद्धच पुरावा होतो.

मावसभावाच्या दीड लाखांची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे, आणि लोक जास्त फसतात ते इथेच. मावशी त्या यादीत आहे, मावशीचा मुलगा नाही. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, जिवलग मित्र, कोणीच नाही. यादीबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांपेक्षा जास्त बक्षीस आले, तर वरची रक्कमच नाही, सगळीच्या सगळी उत्पन्नात धरली जाते. म्हणजे मावसभावाकडून बक्षिसाचे पत्र घेऊन फाइल सोपी करण्याचा मोह झाला, तर दीड लाखांवर कर भरायची तयारी हवी. मावशीच्या खात्यातून फिरवून आणण्याची युक्तीही कोणीतरी सुचवतो. पण तिच्या खात्यात आदल्या दिवशी मावसभावाच्या खात्यातून आलेले दीड लाख उताऱ्यावर दिसतातच.

खरे तेच लिहावे: हे हातउसने आहेत. मग पहिला नियम, २० हजार किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घ्यायचे नाही. थोडे थोडे घेऊन बाकी २० हजारांवर गेली तरी नियम लागतो आणि दंड घेतलेल्या रकमेइतका. शेतकऱ्यांना सूट आहे असे सांगितले जाते. ती सूट देणारा आणि घेणारा दोघांचेही उत्पन्न शेतीचे असेल आणि दोघांपैकी कोणाचेही करपात्र उत्पन्न नसेल तरच आहे. दुकानदार मावसभाऊ आणि नोकरदार मुलगा यांना ती मिळत नाही. परतफेडही खात्यातूनच करावी, कारण रोखीच्या परतफेडीलाही तसाच नियम आहे.

आता बँकेकडे परतू. बँक पगाराच्या एका ठरावीक भागापर्यंतच सगळे हप्ते मिळून जाऊ देते. समजा आपल्या बँकेने ही रेषा ५० टक्क्यांवर ठेवली आहे, म्हणजे २५ हजार. २४ लाखांना साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांत हप्ता सुमारे २० हजार ८३० येतो. मुलाने मावसभावाला उत्साहाने ‘महिना पाच हजार देईन’ असे लिहून दिले, तर बेरीज २५ हजार ८३० होते आणि कर्ज कमी करा असे उत्तर येते. महिना चार हजार लिहिले तर बेरीज २४ हजार ८३० होते आणि रेषेच्या आत राहते. सदतीस महिने चार हजार आणि अडतिसाव्या महिन्यात दोन हजार, की दीड लाख फिटले. काही बँका स्वतःच्या हिश्श्यात उसने पैसे अजिबात चालवून घेत नाहीत. अशा वेळी फाइल लपवाछपवीने पुढे ढकलण्यापेक्षा दुसरी बँक बघावी किंवा घर थोडे लहान घ्यावे. हे बोलायला सोपे नाही हे मला माहीत आहे, पण लपवलेला हप्ता महिन्याच्या एक तारखेला लपत नाही.

कर्जाचा कागद लांबलचक नसला तरी चालतो. रक्कम, तारीख, यूटीआर क्रमांक, व्याज आहे की नाही, हप्ता किती आणि कोणत्या तारखेला, इतके हवे. सोबत मावसभावाचे कबुलीपत्र, पॅन, सहा महिन्यांचा उतारा आणि विवरणपत्राची पोच. आयकर खाते अशा जमेबद्दल तीन गोष्टी तपासते: देणारा कोण, त्याची ऐपत होती का, आणि व्यवहार खरा आहे का. दुकानदाराच्या खात्यात दीड लाख एका दमात रोखीने भरले गेले आणि दुसऱ्या दिवशी मुलाकडे वळले, तर कागद कितीही चोख असला तरी ऐपतीचा प्रश्न उरतो. तेच पैसे दुकानाच्या रोजच्या जमेतून साठलेले दिसले तर उरत नाही.

व्याज लावायचे तर नात्यात लावता येते. पण कोणी व्याजाने पैसे देण्याचा धंदाच करत असेल, तर त्याच्याकडे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली परवाना हवा. गावातल्या बिनपरवाना माणसाकडून घेतलेले पैसे बँकेला दाखवता येत नाहीत, म्हणून ते ‘मित्राचे’ होतात, आणि मित्र कोण हे विचारल्यावर सगळी फाइल कोसळते.

मावसभावाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, कारण तो विश्वासाने देतो. परतफेडीची तारीख न ठरवता दिलेले किंवा ‘मागेन तेव्हा दे’ म्हणून दिलेले कर्ज वसूल करायला दिल्या दिवसापासून तीन वर्षांची मुदत असते. आपल्या उदाहरणातली परतफेड तीन वर्षांच्या पुढे जाते. कागदावर हप्त्यांच्या तारखा असतील तर प्रत्येक हप्त्याची मुदत त्याच्या तारखेपासून धरता येते. मुदतीच्या आत घेतलेल्या सहीच्या लेखी कबुलीने मुदत पुन्हा सुरू होते. तोंडी शब्दाने होत नाही.

पैसे बिल्डरकडे जातानाही क्रम महत्त्वाचा. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आपल्या घरात म्हणजे तीन लाख. तेव्हा आधी मुलाची बचत आणि वडिलांच्या रकमेतले दीड लाख भरावे, कर्जतच्या दुय्यम निबंधक कार्यालयात करारनामा नोंदवावा, आणि उरलेले वडिलांचे दीड लाख व मावसभावाचे दीड लाख त्यानंतर भरावे. ‘एक लाख रोख द्या, करारनाम्यात कमी दाखवू’ असे कोणी सुचवले तर ते पैसे ओसीआरमध्ये कधीच येत नाहीत. करारनाम्यातली किंमत घटली की बँकेचे कर्जही घटते आणि खड्डा मोठा होतो.

अर्ज करतानाच बँकेला एक पान द्यावे: दीड लाख बचत, तीन लाख वडिलांचे बक्षीस, दीड लाख मावसभावाचे कर्ज, प्रत्येकासमोर तारीख आणि यूटीआर. विचारल्यावर दिलेला खुलासा आणि आधीच दिलेला खुलासा यांत अधिकाऱ्याच्या नजरेत फार अंतर असते. मग तो उताऱ्यावरच्या त्या ओळीशी येतो तेव्हा उत्तर त्याच्या हातात असते.

घर ताब्यात आल्यावर हे कागद फेकू नयेत. घरखरेदीची माहिती नोंदणी कार्यालयातून आयकर खात्याकडे जाऊ शकते आणि विचारणा काही वर्षांनीही येऊ शकते. निवाड्याची नक्कल, वडिलांचे पत्र, कर्जाचा कागद आणि दोन्हीकडचे उतारे करारनाम्याच्या फाइलमध्येच ठेवावे. अडतिसावा हप्ता गेला की मावसभावाकडून ‘पूर्ण रक्कम मिळाली, आता काही येणे नाही’ असे दोन ओळींचे पत्र सहीसह घ्यावे आणि त्याची एक प्रत बँकेलाही द्यावी, म्हणजे पुढे कर्ज वाढवून मागताना ते चार हजार हिशेबातून निघालेले असतील.